न बुडालेल्या रोख्यांवर १.८ अब्ज डॉलरचा तोटा

८ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने एक निवेदन काढलं. आपल्याकडचे सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून टाकले आहेत, त्यात कर वजा जाता अंदाजे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आहे आणि तो भरून काढण्यासाठी नवं भांडवल उभारायचं आहे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेतले. १० मार्चला नियामकांनी बँकेला कुलूप लावलं.

बँका बुडतात तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी कर्ज बुडवलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. या बँकेकडचे रोखे बहुतांशी अमेरिकी सरकारचे, नाहीतर सरकारी पाठबळ असलेल्या संस्थांनी हमी दिलेले होते. एकाही रोख्याचं व्याज थकलं नव्हतं, मुद्दल बुडेल अशी शंकाही कोणाला नव्हती. तरीही ते विकायला काढले तेव्हा घेतलेल्या किमतीला गेले नाहीत. कारण ते घेतले तेव्हा बाजारात व्याज नगण्य होतं आणि विकले तेव्हा बरंच वाढलेलं होतं. व्याजदर वर गेले की जुन्या रोख्यांची किंमत खाली येते हे वाक्य अर्थविषयक पानांवर इतक्या वेळा छापून येतं की ते पाठ होतं, पण का, हे विचारलं तर बरेच जण अडखळतात. या बँकेच्या गोष्टीत ते 'का' अगदी उघडं पडलं, म्हणून हे प्रकरण घेतलं आहे.

भाडेकरूसकट घर

समजा तुमचं एक घर आहे आणि ते तुम्ही दहा वर्षांच्या पक्क्या कराराने भाड्याने दिलं आहे. भाडं महिना १०,०००. करारात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: दहा वर्षं भाडं वाढणार नाही, आणि घर विकलं तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील. सही केली तेव्हा आजूबाजूला हाच भाव होता, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

चार वर्षं गेली. शेजारची तशीच घरं आता १५,००० ने जाऊ लागली. तुमचा भाडेकरू सज्जन आहे, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला १०,००० बिनचूक देतो. एक दिवस तुम्हाला पैशांची गरज पडते आणि घर विकायला काढावं लागतं. गिऱ्हाईक येतं, घर बघतं, कागद वाचतं आणि म्हणतं, "घर छान आहे, भाडेकरूही चांगला आहे. पण शेजारचं घर घेतलं तर मला १५,००० मिळतील आणि तुमचं घेतलं तर १०,०००. तेही अजून सहा वर्षं. हा फरक किमतीतून वजा करा, मग बोलू."

त्याचं काही चुकलं नाही. महिना ५,००० च्या हिशेबाने सहा वर्षांत ३,६०,००० ची तूट त्याच्या पदरात पडणार आहे. पण तो पूर्ण ३,६०,००० कमी करून मागू शकत नाही, कारण ही तूट आज एकरकमी येत नाही, ती महिन्या-महिन्याने येणार आहे. आज हातात आलेली रक्कम त्याने व्याजावर ठेवली तर पुढच्या तुटी भरून काढायला त्याला ३,६०,००० पेक्षा थोडे कमी पैसे पुरतील. घासाघीस तेवढ्यावर होते आणि घराचा भाव तितक्याने उतरतो.

इथे घर खराब झालेलं नाही, भाडेकरू पळालेला नाही, करार मोडलेला नाही. उलट करार पक्का आहे हीच अडचण आहे. भाडं बाजाराबरोबर वाढणारं असतं, तर गिऱ्हाईकाला वजाबाकी करायचं कारणच उरलं नसतं.

रोखा म्हणजे असाच करार. ठराविक वर्षं ठराविक व्याज आणि शेवटी मुद्दल परत, असं लिहून दिलेलं असतं. रोखा हातोहात विकला तरी ते आकडे बदलत नाहीत. बाजारात नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले की जुन्याचं व्याज वाढवता येत नाही. मग बदलू शकेल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे किंमत. भाडी उतरली असती तर उलट झालं असतं. १०,००० चा पक्का करार असलेल्या घरासाठी गिऱ्हाईकाने वरून पैसे मोजले असते. व्याजदर खाली येतात तेव्हा जुने रोखे महागतात ते याच कारणाने.

उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, तेही सांगायला हवं. घराची स्वतःची किंमत वर्षागणिक हलत असते, करार संपल्यावर ते कितीला जाईल हे कोणालाच माहीत नसतं. रोख्याचं तसं नाही. मुदत संपते त्या दिवशी त्याचे १०० मिळणार, ना ९९ ना १०१. त्यामुळे रोख्याचा हिशेब घरापेक्षा सोपा आणि नेमका होतो.

आकड्यांत

सिलिकॉन व्हॅली बँकेने जेव्हा रोख्यांची सर्वाधिक खरेदी केली त्या काळात, म्हणजे २०२१ च्या सुमारास, अमेरिकी सरकारचा दहा वर्षांचा रोखा साधारण दीड टक्का परतावा देत होता. २०२२ च्या अखेरीस तोच परतावा चार टक्क्यांच्या जवळ पोहोचला होता. हेच आकडे सोयीसाठी गोल करून एक रोखा घेऊ. दर्शनी किंमत १००, व्याज वर्षाला १.५, मुदत दहा वर्षं. घेऊन एक वर्ष झालं, नऊ वर्षं उरली आणि बाजारात आता तितक्याच मुदतीचे नवे रोखे ४ टक्के देतात.

नवा रोखा १०० ला मिळतो आणि वर्षाला ४ देतो. जुना १.५ देतो. तूट वर्षाला २.५, नऊ वर्षं. सरळ बेरीज केली तर २२.५. पण गिऱ्हाईकाला वाट बघावी लागणार असल्याने प्रत्येक वर्षाच्या तुटीचं आजचं मोल काढायला हवं. ४ टक्के व्याजाने, वर्षभराने लागणाऱ्या २.५ साठी आज २.४० ठेवले की पुरतात. नऊ वर्षांनी लागणाऱ्या २.५ साठी आज १.७६ पुरतात. अशा नऊही तुटी आजच्या मोलात मांडून बेरीज केली की १८.५९ येतात. १०० मधून ते वजा केले की ८१.४१ राहतात. जुन्या रोख्याची बाजारातली किंमत ही.

उलट बाजूने ताळा करून बघू. कोणी ८१.४१ ला हा रोखा घेतला आणि वर्षभर दर जागचे हलले नाहीत, तर वर्षअखेरीस त्याला १.५ व्याज मिळेल. आता रोख्याची आठ वर्षं उरतील, म्हणजे एका वर्षाची तूट गळून पडेल. पुन्हा तोच हिशेब केला की किंमत ८३.१७ येते. म्हणजे किमतीत १.७६ ची वाढ आणि वर १.५ व्याज, मिळून ३.२६. आणि ८१.४१ चे ४ टक्के किती? तेही ३.२६. शेजारी नवा रोखा घेणाऱ्यालाही ४ टक्केच मिळतात. दोघांची बरोबरी होईपर्यंत किंमत उतरली आणि तिथे थांबली. त्याच्या वर ती राहिली असती तर कोणी जुना रोखा घेतला नसता, त्याच्या खाली गेली असती तर सगळे त्याच्यावर तुटून पडले असते.

'दर वाढले की लोक रोखे विकायला धावतात आणि त्या माऱ्याने किंमत पडते' असंही स्पष्टीकरण ऐकू येतं. मला ते लंगडं वाटतं. विक्रीचा मारा कधीकधी असतोही, पण घसरण व्हायला त्याची गरज नसते. एकाही माणसाने जुना रोखा विकायला काढला नाही, तरी तो उद्या कोणी विचारला तर कितीला जाईल याचं उत्तर शेजारच्या नव्या रोख्याने आधीच बदलून टाकलेलं असतं.

मुदतीची गोष्टही याच हिशेबातून निघते. तूट तेवढीच, वर्षाला २.५, पण उरलेली वर्षं फक्त दोन असतील तर किंमत ९५ च्या आसपास राहते. नऊ असतील तर ८१. तीस असतील तर ५७ च्या खाली. सहा महिन्यांत करार संपणार असेल तर भाडेकरूसकट घर घेणारं गिऱ्हाईक फारशी कुरकुर करत नाही. तीस वर्षांचा करार पुढे केला तर ते कागद खाली ठेवतं. म्हणून 'रोखे' असं सरसकट म्हणून जोखमीबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नसतो. एकाच सरकारचे, सारख्याच भरवशाचे दोन रोखे, एक दोन वर्षांचा आणि एक तीस वर्षांचा. व्याजदर वाढल्यावर एकाला खरचटतं, दुसऱ्याचं हाड मोडतं.

बँकेने काय घेतलं होतं

सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवी २०१९ च्या अखेरीस सुमारे ६२ अब्ज डॉलर होत्या. दोन वर्षांत त्या १८९ अब्जांवर गेल्या. नवउद्योगांकडे भांडवलाचा पूर आला होता आणि ते आपले पैसे याच बँकेत ठेवत होते. इतक्या पैशांना पुरतील एवढे कर्जदार बँकेकडे नव्हते, म्हणून मोठा भाग रोख्यांत गेला. बिनधोक रोखे हवेत हे ठीक, पण बिनधोक आणि थोड्या मुदतीच्या रोख्यांवर तेव्हा व्याज जवळजवळ शून्य होतं. एक-दीड टक्का पदरात पाडायचा तर लांब मुदतीकडे वळावं लागत होतं. बँक वळली. आजूबाजूचं भाडं तळाला असताना दहा-दहा वर्षांचे पक्के करार करून बसण्यासारखं हे होतं.

त्यात आणखी एक मेख होती. यातला सर्वात मोठा हिस्सा गृहकर्जांवर आधारित रोख्यांचा होता. हजारो घरमालकांचे कर्जाचे हप्ते एकत्र करून त्यातून अशा रोख्याची परतफेड होते. कर्ज बुडालं तर हमी देणारी संस्था पैसे देते, त्यामुळे तो धोका नाही. पण अमेरिकेतली बहुतेक गृहकर्जं स्थिर व्याजाची असतात आणि कर्जदाराला ती मुदतीआधी फेडायची मुभा असते. दर उतरले की लोक नवं स्वस्त कर्ज घेऊन जुनं फेडून टाकतात. दर चढले की अडीच-तीन टक्क्यांचं जुनं कर्ज कोणीही सोडत नाही. म्हणजे भाडेकरूला हवं तेव्हा घर सोडायची मोकळीक आहे, मालकाला मात्र त्याला काढता येत नाही. शेजारी भाडी घसरली की तो निघून जातो, भाडी वाढली की ठाण मांडून बसतो. दोन्हीकडून मालकाचीच गोची. २०२२ मध्ये दर चढले तशी या रोख्यांतून पैसे परत येण्याची गती मंदावली. लवकर मोकळे होतील असे वाटलेले पैसे कितीतरी पुढे ढकलले गेले. दर वाढल्याने किंमत पडतेच. इथे दर वाढल्याने मुदतही लांबली आणि किंमत आणखी पडली.

ही लांबी मोजण्यासाठी रोखेबाजारात एक आकडा वापरतात, त्याला ड्युरेशन म्हणतात. तो वर्षांत सांगतात आणि त्याचा व्यवहारातला उपयोग सोपा आहे: व्याजदर एक टक्क्याने वाढला तर किंमत साधारण तितके टक्के पडते. बँकेने मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून बाजूला काढलेल्या रोख्यांचं ड्युरेशन २०२२ च्या अखेरीस ६.२ वर्षं होतं. या गठ्ठ्याची पुस्तकी किंमत होती सुमारे ९१.३ अब्ज डॉलर आणि बाजारभाव सुमारे ७६.२ अब्ज. फरक १५.१ अब्ज, म्हणजे साडेसोळा टक्के. साडेसोळाला ६.२ ने भागलं की पावणेतीनच्या जवळ उत्तर येतं. रोखे घेतल्यापासून दर किती टक्क्यांनी वर गेले असतील याचा हा अंदाज, आणि बाजारात प्रत्यक्षात जे झालं त्याच्या तो जवळच आहे. हा ठोकताळा आहे, काटेकोर सूत्र नव्हे. दर थोडे हलले तर तो छान लागू पडतो, फार हलले तर चुकतो, आणि मुदत आपोआप लांबणाऱ्या गृहकर्ज रोख्यांत तर जास्तच चुकतो. तरी चार ओळींत हिशेब करून एवढी मोठी तूट कुठून आली हे कळतं.

दरवाढीपासून काही अंशी संरक्षण देणारे करार बँकेकडे होते. दर चढू लागल्यावर तिने त्यातले बहुतेक मोडून टाकले, कारण दर पुन्हा उतरले तर आपलं उत्पन्न घटेल याची व्यवस्थापनाला जास्त काळजी वाटत होती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये पहिली वाढ केली त्याआधी धोरणदर शून्य ते पाव टक्क्याच्या पट्ट्यात होता. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला तो साडेचार ते पावणेपाच टक्क्यांवर होता.

'मुदतीपर्यंत धरून ठेवू, मग तोटा कसला?'

हा युक्तिवाद बँकेचाही होता आणि घरगुती गुंतवणूकदारही तोच करतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

हिशेबाच्या नियमांनुसार बँकेने आपले रोखे दोन कप्प्यांत ठेवले होते. पहिला, कधीही विकता येतील अशा रोख्यांचा. त्यांचा बाजारभाव ताळेबंदात दाखवावा लागतो. दुसरा, मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांचा; ते ताळेबंदात खरेदीच्या हिशेबाने दिसतात आणि बाजारभाव फक्त तळटिपांमध्ये येतो. ९१ अब्जांचा गठ्ठा दुसऱ्या कप्प्यात होता. ताळेबंदाच्या दर्शनी भागात १५ अब्जांची तूट दिसतच नव्हती. बँकेचं स्वतःचं भागभांडवल त्या वेळी साधारण १६ अब्ज होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाकी काही सांगावं लागत नाही. आणि ती तळटीप लपवलेली नव्हती, वाचणाऱ्याला उघड दिसत होती.

मुदतीपर्यंत धरलं तर १०० मिळणार, हे खरंच आहे. पण घराकडे परत बघा. तुम्ही घर विकलं नाही, गिऱ्हाईकाला परत पाठवलं. म्हणून तुमचं नुकसान टळलं का? किमतीत कापून घ्यायला तुम्ही तयार नव्हता ते पैसे आता सहा वर्षं, महिना ५,००० कमी भाडं घेऊन सोसणार. विकलं तर तूट एकदम बसते, धरून ठेवलं तर हप्त्याहप्त्याने. किंमत उतरणं म्हणजे नवं संकट नव्हे, पुढे व्हायचं असलेलं नुकसान आजच्या रकमेत मोजून दाखवणं एवढंच त्यात असतं.

एका माणसाला मात्र धरून ठेवण्याचा त्रास खरोखर होत नाही: ज्याला ते पैसे मधे लागणारच नाहीत आणि ज्याचा स्वतःचा खर्च भाड्याबरोबर वाढत नाही. दहा वर्षांनी लागणारी ठरलेली रक्कम बाजूला काढून कोणी त्याच मुदतीचा रोखा घेतला असेल, तर मधल्या काळात तो ८१ ला होता की ११० ला याने त्याच्या ठरलेल्या कामात काही बिघडत नाही. त्याने एक संधी गमावली, एवढंच.

बँकेची गत तशी नव्हती. तिचे पैसे स्वतःचे नव्हते, ठेवीदारांचे होते आणि ते हवे तेव्हा परत मागता येत होते. जोवर ठेवीदार बिनव्याजी पैसे ठेवत होते तोवर दीड-पावणेदोन टक्क्यांच्या रोख्यांवरही बँकेचं भागत होतं. दर चढल्यावर दोन गोष्टी झाल्या. ठेवीदारांना बाहेर चार-साडेचार टक्के दिसू लागले, आणि नवउद्योगांकडे येणारं नवं भांडवल आटल्याने त्यांनी साठवलेले पैसे खर्चायला काढले. बँकेतल्या बिनव्याजी ठेवी २०२२ च्या वर्षभरात सुमारे १२६ अब्जांवरून ८१ अब्जांवर आल्या. उरलेल्यांना धरून ठेवायचं तर व्याज द्यावं लागणार. आपण पावणेदोन टक्के घेतो आणि चार टक्के देतो, ही तूट वर्षामागून वर्षं सोसायची. रोख्याची पडलेली किंमत नेमकी हीच गोष्ट वर्षभर आधीपासून सांगत होती.

तीन दिवस

पैसे काढणं थांबेना तेव्हा बँकेने पहिल्या कप्प्यातले रोखे विकले. त्यांचा सरासरी परतावा १.७९ टक्के होता आणि ड्युरेशन ३.६ वर्षं, म्हणजे तुलनेने आखूड. तरी तोटा १.८ अब्ज. दुसऱ्या कप्प्याला हात लावता येत नव्हता. त्यातला थोडा भाग जरी विकला तरी 'मुदतीपर्यंत ठेवणार' हा दावा मोडतो आणि सगळा कप्पा बाजारभावाने दाखवावा लागतो. तसं झालं असतं तर भांडवल जवळपास साफ.

८ मार्चच्या निवेदनाने खरं तर काही नवं घडलं नाही. तूट महिनोन्महिने तिथेच होती. पण आता मोठ्या ठेवीदारांनी तळटीप वाचली. अमेरिकेत ठेव विमा खातेदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत असतो आणि या बँकेतल्या बहुतांश ठेवी त्याच्या वरच्या होत्या. विमा नसलेला माणूस रांगेत शेवटी उभा राहायला तयार नसतो. ९ मार्चला ४२ अब्ज गेले, १० तारखेला आणखी १०० अब्ज जायच्या तयारीत होते. इतके पैसे द्यायचे तर रोखे विकावे लागणार, आणि विकले की धरून ठेवण्याचा पर्यायच संपतो. हप्त्याहप्त्याने सोसता आली असती ती तूट एका सकाळी एकरकमी समोर आली.

भाववाढ रोखण्यासाठी दर वाढवणाऱ्या फेडरल रिझर्व्हला बँक पडली म्हणून दोष देणारे बरेच होते. मला ते पटत नाही. त्याच दरवाढीत जवळपास प्रत्येक बँकेच्या रोख्यांच्या किमती पडल्या, पण इतक्या लांब मुदतीचे रोखे आणि इतक्या चंचल ठेवी एका छताखाली सगळ्यांनी ठेवल्या नव्हत्या. गफलत रोख्यांच्या दर्जात नव्हती, मुदतींच्या जुळणीत होती.

१२ मार्चला, रविवारी, फेडरल रिझर्व्हने बँकांसाठी एक खास कर्जयोजना जाहीर केली. सरकारी आणि हमी असलेले रोखे तारण ठेवा, वर्षभरापर्यंतचं कर्ज घ्या. सहसा तारणाचं मोल बाजारभावाने धरतात आणि त्यातही थोडी कपात करतात. इथे ते दर्शनी किमतीने धरलं गेलं. आपला ८१ चा रोखा तारण ठेवला की १०० चं कर्ज. दुसऱ्या शब्दांत, गिऱ्हाईक भाडेकरूसकट घराला कितीही कमी भाव देवो, सावकार मात्र घर रिकामं असल्यासारखं पूर्ण रकमेवर कर्ज देतो. त्याने बाकी बँकांना तोट्यात रोखे विकण्याची वेळ आली नाही. तूट मात्र नाहीशी झाली नाही, कारण त्या कर्जावर बाजाराच्या चालू दराने व्याज द्यायचं होतं आणि तारण ठेवलेले रोखे तोच जुना दीड-दोन टक्का देत होते. बुडण्याची घाई टळली, कमी भाडं सोसणं चालूच राहिलं.

अशा प्रकरणात बाहेरच्या माणसाला आधी काही दिसू शकतं का? बऱ्यापैकी दिसतं. बँकेच्या वार्षिक अहवालात मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांची टीप काढायची, पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यातला फरक बघायचा आणि तो भागभांडवलाशी ताडून बघायचा. मग ठेवींतला किती भाग विम्याच्या मर्यादेबाहेर आहे ते शोधायचं. पहिला आकडा तूट केवढी आहे ते सांगतो, दुसरा ती हप्त्याने सोसायला बँकेला वेळ मिळेल की नाही ते. रोखे फंडात पैसे असलेल्या माणसाला याहून सोपं आहे: फंडाच्या मासिक माहितीपत्रकात ड्युरेशनचा आकडा छापलेला असतो. तिथे सात लिहिलं असेल तर दर एक टक्का चढल्यावर फंडाचं मूल्य सातेक टक्के उतरेल, मग आत सगळे सरकारी रोखे का असेनात.